चकाकलेली पँट, करपलेली कॉलर

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री मी भाच्याच्या गणवेशाला इस्त्री केली. पांढरा सुती शर्ट आणि गडद निळी टेरिकॉटची पँट. आधी शर्ट, मग त्याच गरम इस्त्रीने पँट. सकाळी तो गॅलरीत उन्हात उभा राहिला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. शर्टाच्या कॉलरवर इस्त्रीच्या टोकाएवढा पिवळसर डाग पडला होता, आणि पँटच्या खिशांच्या कडा चकचकत होत्या. आत शिवलेल्या खिशाच्या पिशवीचा अख्खा आकार बाहेरून दिसत होता, जणू कोणी पेन्सिलीने आखून ठेवला होता.

घरात दोन्हीसाठी एकच शब्द वापरला गेला, "जळलं." कॉलरच्या बाबतीत तो खरा होता. पँट मात्र जराही जळली नव्हती. एकाच इस्त्रीने एका कपड्याचं रसायन बिघडवलं होतं आणि दुसऱ्याचा फक्त आकार. हा फरक कळला की कोणत्या कपड्याला किती ताव द्यायचा आणि बिघडलेलं काय सुधारू शकतं, हे दोन्ही उलगडायला लागतं.

आधी कॉलर बघू. सूत म्हणजे सेल्युलोज. साखरेच्या जातीचे हजारो रेणू एकापुढे एक गुंफून झालेल्या लांब साखळ्या. या साखळ्या शेजारच्या साखळ्यांना हलकेच धरून असतात. कापड चुरगळतं तेव्हा हे धागे वाकलेल्या स्थितीत एकमेकांना धरून बसतात आणि सुरकुती पडते. पाणी त्यांच्यामध्ये शिरलं की ही पकड सुटते. मग वरून गरम इस्त्री फिरली की पाणी उडून जातं आणि साखळ्या आता सपाट स्थितीत एकमेकांना धरतात. सुती कापडाची सुरकुती खरं तर पाणी सोडवतं. इस्त्रीचं काम ते पाणी पटकन घालवून कापड सपाट असतानाच वाळवायचं. कोरड्या सुती शर्टावर कितीही जोर लावला तरी सुरकुत्या का हटत नाहीत, आणि त्याच शर्टावर पाणी शिंपडून घडी करून अर्धा तास ठेवला की इस्त्री लोण्यासारखी का चालते, त्याचं कारण हे आहे.

याच पाण्याचं दुसरं काम राखणीचं. भात शिजताना पातेल्यात पाणी आहे तोवर तो करपत नाही, कारण पाणी असेपर्यंत आतली उष्णता शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही. पाणी आटलं की मात्र बघता बघता बुडाला लागतो. सुती कापडाचं तसंच. इस्त्रीचा तवा २०० अंश सेल्सिअसवर असला तरी ओलसर कापड शंभराच्या आसपासच राहतं, सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. कापड कोरडं झाल्यावरही त्यावरून इस्त्री रेंगाळत राहिली की ते तव्याच्या तापमानाकडे चढायला लागतं.

सूत वितळत नाही. तापत गेलं की त्याच्या साखळ्या तुटतात, रेणूंमधले हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने निघून जातात आणि मागे पिवळी, मग तपकिरी, शेवटी काळी वस्तू उरते. कढईत कोरडी साखर तापवली की ती जशी सोनेरी, मग तपकिरी आणि शेवटी कडू काळी होते, त्याच घराण्यातली ही घडामोड आहे. तापमान आणि वेळ दोन्ही इथे मोजावे लागतात. दोनशे अंशांवर सरकत जाणारी इस्त्री सुताला काही करत नाही. तीच कोरड्या कापडावर टेकून राहिली तर डाग पडतो.

भाच्याच्या शर्टाला कॉलरपाशीच डाग का पडला? कॉलर जाड असते, आत कडक अस्तर असतं, म्हणून ती ताठ बसेपर्यंत मी पुन्हा पुन्हा दाबत राहिले. शिवाय कॉलरला खळ दिली होती. खळ म्हणजे स्टार्च, आणि कोरडा स्टार्च भाजला की सुताच्या आधी पिवळा पडतो. खळ दिलेल्या कपड्यावरचा फिका पिवळा डाग पुष्कळदा कापडाचा नसतोच, वरच्या खळीचा असतो. म्हणून असा डाग दिसला की पहिलं काम एकच, कपडा गार पाण्यात भिजवून नीट धुणे. नीट न खंगाळलेल्या साबणाचंही असंच होतं, कपड्यात राहिलेला साबण इस्त्रीखाली पिवळा पडतो.

कॉलर धुतल्यावर डाग निम्मा गेला. उरला तो खरा करपल्याचा. पांढऱ्या सुती कपड्यावर असा हलका डाग असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडतं. सहा टक्क्यांची बाटली मिळाली तर त्यात तेवढंच पाणी मिसळायचं, म्हणजे ते साधारण तीन टक्के होतं. डाग त्याने ओला करून उन्हात ठेवायचा, वाळू द्यायचा नाही, अर्ध्या तासाने भरपूर पाण्यात खंगाळायचा. लागलं तर पुन्हा एकदा. रंगीत कपड्यावर हे करू नये, डागासोबत रंगही जाईल. आमची कॉलर दुसऱ्या खेपेला पांढरी झाली.

डाग तपकिरी असेल तर मात्र हे करण्यात अर्थ नाही. रंग कदाचित उतरेल, पण तुटलेल्या साखळ्या जोडल्या जात नाहीत. ओळखायची खूण साधी आहे. डागाची जागा दोन अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणावी. कापड कुरकुरीत लागलं किंवा धागे विरत असल्यासारखे वाटले, तर पुढच्या धुण्यात तिथे भोक पडणार आहे.

आता पँट. टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत यांचं मिश्रण, गणवेशाच्या कापडात बहुधा ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत. हे पॉलिएस्टर ब्रिटनमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी १९४१ मध्ये शोधलं. टेरिलीन हे त्याचं तिथलं नाव, आणि आपला टेरिकॉट हा शब्द त्याच 'टेरि'ला 'कॉट' जोडून झालेला.

पॉलिएस्टर सुतासारखं करपत नाही, ते मऊ होतं. ते वितळतं साधारण २५५ ते २६० अंशांना, पण मऊ व्हायला फार आधी सुरुवात होते. सत्तर-ऐंशी अंशांपासूनच त्याच्या आतल्या ज्या भागात साखळ्या अस्ताव्यस्त असतात, तो भाग सैल पडू लागतो. पुढे जितका ताव वाढेल तितका धागा लवचीक होत जातो. अशा अवस्थेत त्याला जो आकार मिळेल तो थंड होताना पक्का होतो. टेरिकॉटच्या पँटची क्रीज आठवडाभर टिकते ती या गुणामुळे. कडकडीत पाण्यातून काढून पिळलेल्या टेरिकॉटच्या चुण्या जाता जात नाहीत, त्याही याच गुणामुळे.

चकाकीही इथूनच येते. पँटच्या कापडाला जवळून पाहिलं तर तिरक्या उंचवट्यांच्या रेघा दिसतात आणि त्यावर बारीक लव असते. प्रकाश अशा खडबडीत पृष्ठावर पडला की सगळीकडे विखुरतो, म्हणून कापड मॅट दिसतं. गरम इस्त्रीने मऊ झालेले वरचे धागे दाबले गेले की गोल धागा चपटा होतो, लव झोपते, उंचवटे बसतात. आता तीच जागा हजारो इवल्या आरशांची झाली आणि प्रकाश एका दिशेला परत फेकू लागली. गडद रंगाचं कापड स्वतः फारच कमी प्रकाश परत देतं, म्हणून त्यावर ही झळाळी उठून दिसते. फिक्या खाकी पँटवर तितकाच दोष असला तरी नजरेत भरत नाही.

कापडाला मुद्दाम चकाकी आणायची ही विद्या जुनी आहे. आपल्याकडे लाकडी मोगऱ्यांनी कापड कुटून ते गुळगुळीत, तकतकीत करायचे, त्याला कुंदी करणे म्हणतात. गिरणीत तेच काम कॅलेंडर करतं, तापलेला पोलादी रूळ दाबाखाली कापडावरून फिरवतात. उष्णता आणि दाब एकत्र आले की चकाकी. आपण घरी तव्याखाली नकळत कुंदीच करत असतो.

पण मग सगळी पँट न चकाकता फक्त खिशाच्या कडा का? याचं उत्तर हिशेबात आहे. साधी इस्त्री एक किलोची धरू आणि तिचा तवा १६० चौरस सेंटिमीटरचा. सपाट कापडावर ती ठेवली तर एका चौरस सेंटिमीटरवर जेमतेम सहा ग्रॅम भार पडतो. आता खाली खिशाची शिवण आहे. तिथे कापडाचे दोन-तीन पदर जास्त, म्हणून तवा सपाट टेकतच नाही, शिवणीच्या उंचवट्यावर तोलला जातो. हा उंचवटा अडीच मिलिमीटर रुंद आणि सोळा सेंटिमीटर लांब धरला तर त्याचं क्षेत्रफळ चार चौरस सेंटिमीटर. तोच किलोभर भार आता तेवढ्यावर, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर अडीचशे ग्रॅम. चाळीसपट! त्यात हाताचा जोर वेगळा. बाजूच्या कापडाला जे तापमान चाललं तेच शिवणीवर चाललं नाही ते यामुळे. बटणपट्टी, चेनची बाजू, मोहरीची दुमड, या सगळ्या जागा याच धोक्याच्या.

आणि तापमान तरी योग्य होतं का? नव्हतं. कपड्याच्या आतल्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे तव्याचं तापमान जास्तीत जास्त ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. सूत आणि लिनन तीन ठिपक्यांचे. पॉलिएस्टर, व्हिस्कोज आणि लोकर दोनचे. नायलॉन, अ‍ॅक्रिलिक आणि कोटाच्या अस्तराला वापरतात ते अ‍ॅसिटेट एकच ठिपक्याचे. कापड मिश्र असेल तर त्यातल्या नाजूक धाग्याचं ऐकायचं. टेरिकॉटमध्ये सूत तीन ठिपके मागतं आणि पॉलिएस्टरला दोनच सोसतात, म्हणून दोन. सुताची उरलेली सुरकुती उष्णता वाढवून न काढता पाण्याने काढायची. मी मात्र शर्ट झाल्यावर चकती 'कॉटन'वरच ठेवून पँट घेतली होती.

चकती खाली फिरवली असती तरी लगेच भागलं नसतं. इस्त्रीच्या आत दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि वीज तोडते, थंड झाली की परत जोडते. ही पट्टी वीज बंद करू शकते, तवा थंड करू शकत नाही. जाड तवा आपल्या गतीने निवतो. शिवाय सुरुवातीला तापताना तवा ठरलेल्या आकड्याच्या पुढे जातो, म्हणून दिवा एकदा विझून पुन्हा लागेपर्यंत नाजूक कपड्याला हात लावू नये. क्रम असा हवा की एक ठिपक्याचे कपडे आधी, मग दोनचे, शेवटी सुती.

आमच्या कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका नेमका उलटा क्रम धरतात. त्यांची इस्त्री कोळशाची, तिला चकती नाही. कोळसा लाल असतो तेव्हा सुती शर्ट आणि धोतरं, त्यावर राख धरली की टेरिकॉट. मी पँट दाखवली तेव्हा त्यांनी ती उन्हाकडे तिरकी धरली आणि म्हणाले, "ताई, टेरिकॉटला उतरता कोळसा आणि ओलं फडकं. उघड्या तव्याचं ते कापड नाही." तव्याचा अंदाज ते पाण्याच्या थेंबाने घेतात. थेंब तव्यावर पसरून चर्रकन उडून गेला तर ठीक. थेंब न पसरता गोळी होऊन तव्यावरून घरंगळत पळाला, तर त्याच्याखाली वाफेची गादी तयार झाली आहे, म्हणजे तवा दोनशेच्या आसपास किंवा त्याहून वर आहे. तेव्हा सुतालाही जपावं लागतं, बाकीच्यांचं तर नावच नको.

काकांचं ओलं फडकं हा टेरिकॉटसाठी सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, आणि त्याचं कारण पुन्हा तेच पाणी. फडक्यात ओल आहे तोवर खालच्या पॉलिएस्टरपर्यंत शंभराच्या फार वरची उष्णता पोचत नाही. वाफ मात्र पोचते, आणि ती सुताची सुरकुती सोडवते. फडकं तव्याचा थेट स्पर्शही तोडतं आणि शिवणीवरचा दाब थोडा पसरवतं.

पँटला नंतर आम्ही असं केलं. ती उलटी केली, खिशाच्या पिशव्या ओढून बाजूला काढल्या, म्हणजे त्या मांडीच्या कापडाखाली येणार नाहीत. कमरेचा भाग आणि शिवणी उलट बाजूनेच दाबल्या. मग पँट सुलट करून पायाच्या शिवणी जुळवल्या, वर जुन्या धोतराचा ओला करून घट्ट पिळलेला तुकडा पसरला आणि दोन ठिपक्यांवरची इस्त्री त्यावर ठेवून उचलली, पुढे ठेवून उचलली. घासली नाही. ओढत नेलेली इस्त्री लव एका दिशेला झोपवते. फडकं पूर्ण वाळण्याआधी उचललं, कारण वाळलेलं फडकं राखण करत नाही. क्रीज दाबून झाल्यावर पँट मिनिटभर तशीच पडू दिली. पॉलिएस्टरचा आकार निवताना पक्का होतो, गरम पँट लगेच हँगरला लावली तर सगळी मेहनत लोंबून जाते.

आधीच आलेली चकाकी जाते का, हे ती कशाची आहे त्यावर ठरतं. खळीचा थर चकाकत असेल तर एका धुण्यात जातो. लव नुसती झोपली असेल तर इस्त्री न टेकवता वरून भरपूर वाफ द्यावी आणि ओलसर असतानाच मऊ ब्रशने उलट दिशेने उचलावी. लव उभी राहते, चकाकी मावळते. लोकरीच्या कोटावरची चकाकी बहुधा या जातीची असते, कारण लोकरीचा धागा वाफेत मऊ होऊन पुन्हा फुलतो. वाफ आणि ब्रश दोन्ही करूनही चकाकी राहिली, तर पॉलिएस्टरचा धागाच चपटा होऊन थिजला आहे. त्याला परत गोल करण्याची युक्ती घरी नाही.

लोकरीला चकाकीबरोबर जळण्याचंही भय आहे. ती केसांसारखीच प्रथिनाची बनलेली, म्हणून कोरडा कडक तवा टेकला की पिवळी पडते आणि केस जळल्याचा वास येतो. तो वास आला की इस्त्री तत्काळ उचलावी. रेशीमही प्रथिनच. पैठणीला उलट बाजूने, वर कोरडं सुती कापड घालून, दीड ठिपक्याच्या आसपास ताव पुरतो. पाणी शिंपडू नये, रेशमावर थेंबांचे डाग उमटतात. आणि पदराची जर नीट पाहावी. आजकाल पुष्कळ जर पॉलिएस्टरच्या फिल्मवर धातूचा मुलामा देऊन केलेली असते. रेशमाला चाललेला ताव तिला चालेलच असं नाही, ती आखडते आणि काठ चुणतो. अशा साडीत जरीचं ऐकायचं, रेशमाचं नाही.

लेबल कापून टाकलेलं असेल किंवा शिंप्याकडून शिवलेलं कापड असेल, तर आतल्या शिवणीतून एक धागा ओढून काढावा आणि स्टीलच्या बशीवर, चिमट्यात धरून, काडीने पेटवावा. शिलाईचा दोरा घेऊ नका, कापडाचाच धागा हवा. कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राखाडी राख उरली तर सूत किंवा व्हिस्कोज. केसांचा वास आणि बोटांत चुरणारी काळी राख असेल तर लोकर किंवा रेशीम. धागा ज्योतीपासून आखडून मागे सरला, वितळला आणि थंड झाल्यावर कडक मणी उरला, तर त्यात पॉलिएस्टर किंवा नायलॉन आहे. टेरिकॉटमध्ये दोन्ही खुणा मिसळून येतात, कागदाचा वास आणि शेवटाला छोटा टणक दाणा.

त्या पँटच्या गुडघ्यांवरची चकाकी वाफेने गेली, तिथली लव नुसती झोपली होती. खिशांच्या कडा मात्र अजून तशाच आहेत. उन्हात उभं राहिलं की दोन अर्धगोल दिसतात. भाचा म्हणतो शर्ट बाहेर सोडला की कळत नाही, पण त्याच्या शाळेत शर्ट आत खोचावा लागतो. म्हणून काकांच्या सांगण्यावरून दिवाळीच्या सुट्टीत पँट शिंप्याकडे द्यायची आहे, त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यातून खिशांवर नवी पट्टी बसवायला.